लघवी लाल झाली, पण दुखले नाही

रमजानला आठवडा राहिला असताना आमच्या दवाखान्यात एक चाचा आले. वय सदुसष्ट. मूळचे कोकणातले, पण उभी हयात भिवंडीत गेली आणि त्यातली तेवीस वर्षे कापड रंगवण्याच्या कारखान्यात. आले होते रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला. चिठ्ठी हातात घेऊन दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दीड महिन्यापूर्वी एकदा लघवी लाल झाली होती. कोकमाच्या सरबतासारखी. घरात म्हणाले उष्णता झाली, जवाचे पाणी पिलो, दुसऱ्या दिवशी साफ झाली. काल परत तशीच झाली. दुखत बिखत काही नाही."

आम्ही लघवी तपासायला सांगितली. रिपोर्टात लाल पेशी भरपूर, पू पेशी थोड्या. आम्ही पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. तीन दिवसांत लघवी स्वच्छ झाली, चाचांनी दुवा दिल्या आणि पुरे रोजे ठेवले. लघवी आमच्या गोळीने स्वच्छ झाली नव्हती. ती तशीही होणारच होती. हे आमच्या ध्यानात यायला आणखी तीन महिने गेले. ही चूक आमची, म्हणूनच हा विषय या महिन्यात घेतला आहे.

मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कर्करोग बहुतेक वेळा पिशवीच्या आतल्या अस्तरावर उगवतो. बारीक देठ आणि वर फुलकोबीसारखा नाजूक तुरा, असे त्याचे रूप असते. पिशवी भरते, रिकामी होते, त्यात तुऱ्याचे टोक खरचटते आणि रक्त येते. थोड्या वेळाने तिथे खपली धरते आणि रक्त थांबते. लघवी आठवडाभर, महिनाभर, कधी चार-सहा महिने अगदी पाण्यासारखी राहते. गाठ मात्र आत वाढतच असते. अस्तरावरची गाठ मार्ग अडवत नाही तोवर दुखायचे कारणच नसते. मूतखडा सहसा कळ आणतो, संसर्ग जळजळ आणतो, घाईची लघवी लागते, ताप येतो. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची लघवी न दुखता लाल झाली, तर 'दुखत नाही' हा दिलासा समजू नये. डॉक्टरकडे जाण्याचे ते कारण आहे, मग लाली एकदाच दिसलेली का असेना.

घाबरवण्याचा हेतू नाही. डोळ्यांना दिसेल इतके रक्त लघवीतून गेलेल्या शंभर माणसांची पुरी तपासणी केली, तर साधारण दहा ते वीस जणांत कर्करोग सापडतो. बाकीच्यांत वाढलेली प्रोस्टेट, खडा, संसर्ग असे काही निघते, कधी काहीच निघत नाही. पण तुम्ही त्या वीसांतले की ऐंशीतले, हे रंगावरून किंवा दोन दिवसांत थांबले यावरून ठरत नाही. किती रक्त गेले यावरूनही नाही. एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळले तरी रंग दिसतो, आणि मोठ्या गाठीतून थेंबही न येता महिने जाऊ शकतात.

लाल दिसलेले सगळे रक्तच असते असेही नाही. बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होते. टीबीची रिफाम्पिसीन गोळी ती नारिंगी करते. रोज्यात पाणी कमी पडले की ती गडद पिवळी, तपकिरीकडे झुकलेली होते आणि इफ्तारनंतर पोटभर पाणी प्याल्यावर निवळते. शंका असेल तर स्वच्छ बाटलीत नमुना धरून लॅबमध्ये द्यावा, सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसतात की नाही ते कळते. आपल्याकडे संडासात आधी पाणी ओतायची आणि नंतरही ओतायची सवय, त्यामुळे फिकट रंग नजरेतून निसटतो. एखादा दिवस काचेच्या ग्लासात बघावे आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना दाखवायला लाज वाटू देऊ नका, त्यांना त्याचा उपयोग होतो.

चाचांना तिसऱ्यांदा रक्त गेले तेव्हा गाठोळ्या पडल्या आणि लघवी अडली. रात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले, नळी घालून पिशवी धुतली. असे झाले तर सकाळची वाट पाहायची नसते. तिथे सोनोग्राफी झाली. 'प्रोस्टेट थोडी वाढलेली, बाकी नॉर्मल' असा रिपोर्ट आला आणि घरच्यांनी सुस्कारा सोडला. पण नळी असल्याने पिशवी रिकामी होती. मिटलेल्या पिशवीत दोन सेंटिमीटरची गाठही घडीत लपते. भरलेल्या पिशवीतसुद्धा लहान किंवा अस्तरावर सपाट पसरलेला रोग सोनोग्राफीला दिसत नाही. ती मूत्रपिंडासाठी चांगली, पिशवीसाठी अपुरी. एवढ्या रिपोर्टावर 'प्रोस्टेटमुळेच असेल' म्हणून कोणी फाईल बंद करत असेल, तर बंद करू देऊ नका. प्रोस्टेटवर ठपका शेवटी ठेवायचा, बाकी सगळे तपासून झाल्यावर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या माणसाला रक्त गेले की 'गोळीमुळे गेले' म्हणतात. गोळी असलेले रक्त वाढवते, पण ते कुठून आले हा प्रश्न उरतोच. तपासणी तीच करावी लागते. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये, हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे.

यावेळी आम्ही चाचांना युरोसर्जनकडे पाठवले. त्यांनी आधी क्रिएटिनिन पाहिले, कारण सीटी स्कॅनसाठी शिरेतून देण्याचे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि ती धडधाकट आहेत ना हे कळावे लागते. मग सीटी युरोग्राफी झाली. यात एकाच बैठकीत तीनदा चित्रे घेतात. औषध देण्याआधी खडा दिसतो, दिल्यावर लगेच मूत्रपिंडातली गाठ उजळते आणि काही मिनिटांनी औषध लघवीत उतरले की मूत्रपिंडापासून पिशवीपर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. मूत्रपिंडाची गाठ बहुधा इथेच सापडते. ती लहान असेल तर तेवढाच भाग काढून बाकी मूत्रपिंड वाचवता येते, म्हणून ती लवकर दिसण्याला मोल आहे. चाचांची मूत्रपिंडे साफ निघाली. पिशवीच्या डाव्या बाजूला मात्र काहीतरी होते.

दुसरी तपासणी दुर्बिणीची, सिस्टोस्कोपी. इथे चाचा अडून बसले. दोन आठवडे त्यांनी तारीखच घेतली नाही. कारण भीती कमी आणि शरम जास्त, हे मुलाने आम्हाला नंतर सांगितले. तेव्हा ती कशी असते ते लिहितोच. लघवीच्या वाटेत बधिर करणारी जेली सोडतात, दहा मिनिटे थांबतात आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, वाकणारी नळी आत नेतात. पाहायचा भागच तेवढा उघडा असतो, बाकी अंग झाकलेले. पाच-दहा मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. एक-दोन दिवस जळजळ होते, फिकट लाली दिसू शकते, पाणी भरपूर प्यायचे. थंडी-ताप आला तर मात्र लगेच कळवायचे. बायकांना स्त्री डॉक्टर किंवा निदान नर्स सोबत हवी असेल तर तारीख घेतानाच सांगावे, बहुतेक ठिकाणी सोय होते. लघवीतल्या पेशींची तपासणी, सायटोलॉजी, करून दुर्बीण टाळता येईल का, असे अनेकजण विचारतात. नाही. आक्रमक रोग तिला बऱ्याचदा सापडतो, मंद रोग निसटतो. 'निगेटिव्ह' आली म्हणून सुटका होत नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेल्या अम्मींना लाल दिसले की घरात एक तर 'लघवीचा संसर्ग' म्हणतात, नाहीतर 'बायकांचे काहीतरी'. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होतात आणि त्यांचे निदान पुरुषांपेक्षा उशिरा होते. संसर्ग खरा होता की नव्हता हे कल्चरवरून ठरवावे, आणि उपचारानंतर लघवी पुन्हा तपासून त्यात लाल पेशी उरल्या असतील तर पुढे जावे. रक्त लघवीतूनच येते की योनीतून, हे नक्की नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जावे लागते, कारण पाळी गेल्यावर तिथून रक्त येणेही तितकेच गंभीर.

चाचांच्या पिशवीत दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. कंबरेत भूल देऊन, लघवीच्या वाटेनेच, पोटावर एकही टाका न घालता ती खरवडून काढली. दोन दिवस नळी होती. चाचांचा पहिला प्रश्न नमाजेचा होता. मौलानांनी त्यांना सांगितले की उज्र असलेल्याने दर नमाजेच्या वेळी ताजा वजू करावा आणि नमाज पढावी.

बायोप्सीच्या रिपोर्टात एक गोष्ट मुद्दाम शोधायची असते. पिशवीच्या भिंतीत अस्तर असते आणि त्याखाली स्नायू. रोग स्नायूत शिरला आहे की नाही, यावर पुढचे सगळे ठरते. स्नायूत शिरला असेल तर पिशवी काढण्यापर्यंत किंवा किरणोपचारापर्यंत बोलणे जाते. न शिरलेला असेल तर पिशवी बहुधा राहते, आणि पहिल्या निदानात शंभरातले सत्तर ते पंचाहत्तर याच गटात असतात. चाचांच्या रिपोर्टात लिहिले होते: आक्रमक जात, अस्तराखालच्या थरात शिरलेली, तुकड्यात स्नायू आढळला नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे स्नायूत नाही ना?" तसे नाही. स्नायूचा तुकडा तपासायला आलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून पाच आठवड्यांनी तीच जागा पुन्हा खरवडली. यावेळी स्नायू आला आणि तो निरोगी निघाला.

त्यानंतर आठवड्याला एक अशी सहा वेळा बीसीजी पिशवीत सोडली. बाळाला जन्मल्यावर दंडावर टोचतात तीच जात, इथे ती पिशवीच्या प्रतिकारशक्तीला जागे करते. दोन तास धरून ठेवायची. जंतू जिवंत असतात, म्हणून त्या दिवशी सहा तास बसूनच लघवी करायची आणि भांड्यात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचे. बसण्याची सवय चाचांना होतीच.

बिडी चाचा चाळीस वर्षे ओढत होते. तंबाखूच्या धुरातली द्रव्ये रक्तातून लघवीत उतरतात आणि तासन्‌तास पिशवीत साठून राहतात. कापडाच्या काही जुन्या रंगांतही अशीच द्रव्ये होती. काम सोडून वीस वर्षे झाली तरी धोका पुरता जात नाही, तेव्हा डॉक्टरांना आधीचा धंदा आवर्जून सांगावा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

हा रोग परत उगवण्याची खोड असलेला आहे. म्हणून तीन महिन्यांनी दुर्बीण, पुढेही ठरल्या वेळी, कित्येक वर्षे. चाचांची पहिली दुर्बीण साफ आली. दुसरीची तारीख त्यांनी यावेळी स्वतः जाऊन घेतली.