पुट विकलात, तर टेम्पो मुदतीआधीही दारात उभा राहू शकतो

या आठवड्याच्या व्हिडिओत मी पुट ऑप्शन विकण्याबद्दल बोलले, पण एक भाग घाईत उरकला गेला. एक्सपायरीला अजून तीन आठवडे बाकी असताना समोरच्याने आपला हक्क वापरला तर पुट विकणाऱ्याचं काय होतं, हा तो भाग. तोच आज सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. अशी लवकर आलेली असाइनमेंट म्हणजे तोटा नाही. ती पैशाची मागणी आहे. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि माणूस चुकीच्या वेळी घाबरतो. आणि जेव्हा खरंच घाबरायला हवं, म्हणजे पुट विकायच्या दिवशी, तेव्हा तो निवांत असतो.

दुकानाच्या भाषेत बघा. तुम्ही एका व्यापाऱ्याला लिहून दिलंत, "पुढच्या दीड महिन्यात कधीही ये, तुझे ३०० डबे मी ६० रुपयांनी घेईन." त्याबद्दल त्याने तुम्हाला थोडे पैसे आगाऊ दिले. ते पैसे म्हणजे प्रीमियम, ६० म्हणजे स्ट्राइक. इथे महत्त्वाचा शब्द आहे "कधीही". अमेरिकेत शेअरवरचे ऑप्शन असेच असतात. पुट ज्याने विकत घेतलाय तो एक्सपायरीपर्यंत थांबायला बांधील नाही. माल कधी आणायचा हे तो ठरवतो, तुम्ही नाही.

आता खरा हिशोब. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत नोकरी करतो. एका सकाळी त्याचा फोन आला, "ताई, माझ्या खात्यात उणे ८,४६० डॉलर दिसतायत. मी तर काही घेतलंच नव्हतं!"

त्याच्या खात्यात ९,००० डॉलर होते. ६२ डॉलरला चाललेल्या एका शेअरचे ६० स्ट्राइकचे पुट त्याने विकले होते, तीन कॉन्ट्रॅक्ट. एका कॉन्ट्रॅक्टमध्ये १०० शेअर, म्हणजे ३०० शेअर. प्रत्येक शेअरमागे १.८० डॉलर प्रीमियम मिळाला, एकूण ५४० डॉलर. मुदत ४५ दिवसांची. मग कंपनीचे निकाल वाईट आले आणि शेअर ४८ वर घसरला. एक्सपायरीला २४ दिवस बाकी होते. तो म्हणतो, मला वाटलं अजून वेळ आहे, वर येईल.

समोरच्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याच्याकडे शेअर आहेत आणि ते ६० ला विकायचा हक्क आहे. बाजारात शेअर ४८ ला आहे, म्हणजे त्याच्या पुटमध्ये रोख १२ डॉलरची किंमत आहे. पुटचा मधला भाव १२.०५ होता. म्हणजे थांबण्याची किंमत, ज्याला टाइम व्हॅल्यू म्हणतात, ती शेअरमागे फक्त ५ सेंट. एका कॉन्ट्रॅक्टमागे ५ डॉलर. उलट त्याने आजच हक्क वापरला तर एका कॉन्ट्रॅक्टचे ६,००० डॉलर आज हातात येतात. वर्षाला साडेचार टक्के व्याज धरलं, तर २४ दिवसांचे जवळपास १८ डॉलर होतात. पाच डॉलरसाठी अठरा डॉलर कोण सोडेल? शिवाय त्याला तो पुट बाजारात विकायचा म्हटलं तर खरेदीदार ११.८५ च देत होते, म्हणजे १२ पेक्षाही कमी. हक्क वापरला की पूर्ण १२ मिळतात. माल दारात आणणंच त्याच्या फायद्याचं होतं.

खूण हीच आहे, आणि ती स्क्रीनवर आधी दिसते. स्ट्राइकमधून शेअरचा भाव वजा करा. पुटला खरेदीदार देत असलेला भाव त्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी झाला, की असाइनमेंट कुठल्याही रात्री येऊ शकते. किती दिवस बाकी आहेत यापेक्षा टाइम व्हॅल्यू किती उरलीय हे बघा.

रात्री, कारण काम रात्री होतं. दिवसा कुणीतरी हक्क वापरतो. बाजार बंद झाल्यावर ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन तो भार ब्रोकरांमध्ये सोडतीसारखा वाटते आणि ब्रोकर ठरलेल्या पद्धतीने आपल्या ग्राहकांमध्ये. तीनपैकी एकच कॉन्ट्रॅक्ट येऊ शकतं, तिन्हीही येऊ शकतात. भावाच्या वाट्याला तिन्ही आली. सकाळी निरोप मिळाला तेव्हा व्यवहार होऊन गेलेला होता, आता नको म्हणायची सोय नाही. आदल्या दिवशी बाजार बंद होण्याआधी पुट परत विकत घेतला असता तर सुटला असता. आणि मे २०२४ पासून अमेरिकेत शेअरचे पैसे दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी चुकते करावे लागतात. हक्क सोमवारी वापरला गेला आणि निरोप मंगळवारी सकाळी मिळाला, तर पैसे मंगळवारीच लागतात.

मग उणे ८,४६० कुठून आले? खात्यात ९,००० अधिक प्रीमियमचे ५४०, म्हणजे ९,५४०. त्यातून ३०० शेअरचे ६० प्रमाणे १८,००० गेले. कमी पडलेले पैसे ब्रोकरने उधार घातले. त्यावर रोज व्याज सुरू.

मी त्याला म्हणाले, आधी वही काढ. असाइनमेंटच्या आधी तुझं खातं किती किमतीचं होतं? ९,५४० मधून विकलेल्या पुटची त्या दिवशीची किंमत वजा कर, १२.०५ गुणिले ३००, म्हणजे ३,६१५. राहिले ५,९२५. आणि आता? ४८ च्या भावाने ३०० शेअर म्हणजे १४,४०० आणि त्यातून उधारी ८,४६० वजा. राहिले ५,९४०. पंधरा डॉलर वाढलेत! समोरच्याने उरलेली टाइम व्हॅल्यू सोडून दिली, ती तुझ्या पदरात पडली. तोटा झालाय, पण तो शेअर पडला तेव्हाच झाला. आज सकाळी फक्त तो दिसला.

थोडा वेळ फोनवर शांतता होती.

पण बदललं ते दुसरंच. पुट विकलेला असताना ब्रोकर साधारण शेअरच्या किमतीच्या २० टक्के रक्कम अडकवून ठेवतो, पुटची चालू किंमत वेगळी. इथे १४,४०० चे २० टक्के, म्हणजे २,८८०. प्रत्यक्ष शेअर खात्यात आले की अमेरिकेच्या नियमाने सुरुवातीला निम्मी रक्कम स्वतःची लागते, म्हणजे ७,२००. खातं ५,९४० चं. १,२६० डॉलर कमी. हा मार्जिन कॉल. एकाही डॉलरचा नवा तोटा नसताना, फक्त वचनाचा माल झाला म्हणून. काही ब्रोकर दोन-चार दिवस देतात, काही न विचारता शेअर विकून मोकळे होतात. तुमच्या ब्रोकरच्या करारात काय लिहिलंय ते पुट विकण्याआधी वाचा.

त्या सकाळी करायचं काय? पैसे असतील आणि शेअर खरंच हवा असेल तर ठेवा. प्रीमियम धरून तुमची खरेदी ५८.२० ला पडली, ६० ला नाही. पैसे नसतील तर विका. आणि इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. असाइनमेंट टाळण्यासाठी जे आदल्या दिवशी धावपळ करतात, त्यांना पुट परत घ्यायला १२.३० मोजावे लागले असते, कारण इतक्या खोल गेलेल्या पुटमध्ये खरेदी-विक्रीच्या भावात मोठं अंतर असतं. तीस सेंट गुणिले ३००, म्हणजे ९० डॉलर वरचे. असाइनमेंट झाली की तुमच्या हातात साधा शेअर असतो, आणि चालत्या शेअरमध्ये हे अंतर सहसा एखाद-दोन सेंटांचं. खात्यात पैसे तयार असतील तर असाइनमेंट ही बऱ्याचदा बाहेर पडायची स्वस्त वाट असते. फक्त ब्रोकर त्याचं वेगळं शुल्क घेतो का ते बघा.

ज्यांनी संरक्षण म्हणून खालच्या स्ट्राइकचा पुट घेतलेला असतो, ते वेगळीच चूक करतात. समजा भावाकडे ५० चा पुट असता आणि त्याची किंमत २.८० असती. घाबरून तो पुट वापरला तर शेअरमागे ५० मिळतात. त्याऐवजी शेअर ४८ ला आणि पुट २.८० ला, दोन्ही एकाच वेळी बाजारात विकले तर ५०.८०. फरक ८० सेंट, ३०० शेअरवर २४० डॉलर. मिळालेल्या प्रीमियमचा जवळजवळ अर्धा भाग एका बटणात गेला असता.

आपल्याकडे हा प्रसंग येत नाही. एनएसईवर शेअरचे ऑप्शन २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, हक्क फक्त एक्सपायरीला वापरता येतो. पण तेव्हा शेअर प्रत्यक्ष द्यावे-घ्यावे लागतात, म्हणजे टेम्पो येतोच, फक्त तारीख ठाऊक असते. आणि इथे बसून अमेरिकेत पुट विकू म्हणणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून परदेशी एक्सचेंजला मार्जिनसाठी किंवा मार्जिन कॉलसाठी पैसे पाठवता येत नाहीत. भावाला तिथल्या बचत खात्यातून १,२६० डॉलर वळवता आले असते. तुम्हाला इथून ते जमणार नाही.

म्हणून पुट विकताना मी एकच हिशोब मानते. स्ट्राइक गुणिले १०० गुणिले कॉन्ट्रॅक्ट, एवढी रक्कम खात्यात मोकळी हवी. ब्रोकर २० टक्क्यांवर विकू देतो, ती त्याची सोय. ९,००० मध्ये ६० चं एकच कॉन्ट्रॅक्ट बसत होतं. तेवढंच विकलं असतं तर शेअर तितकाच पडूनही तोटा १,०२० डॉलरचा झाला असता, उधारी शून्य आणि पुढे काय करायचं ते ठरवायला हवा तेवढा वेळ. तीन विकली, तोटा ३,०६० चा.

भावाने त्याच दिवशी ४८ च्या आसपास तिन्हीशे शेअर विकले. खात्यात ५,९४० राहिले. आता त्यात ६० चं एक कॉन्ट्रॅक्टही बसत नाही, साठ डॉलर कमी पडतात. परवा त्याने विचारलं, "ताई, ५० च्या स्ट्राइकचं एक विकू का?" मी विचारलं, तो शेअर तुला ५० ला घरात ठेवायला आवडेल का? त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.