"प्रयत्न करते" म्हणण्यापेक्षा सरळ नाही म्हणा

फेब्रुवारी आला की मराठीच्या शिक्षकांचे फोन वाजू लागतात. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येक शाळेला त्याच दिवशी, साधारण त्याच वेळी वक्ता हवा असतो. आणि नेमके तेव्हाच बोर्डाच्या परीक्षांचे दिवस असतात.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका शाळेतून मला असाच फोन आला. पर्यवेक्षणाची ड्यूटी लागणार हे मला जवळपास ठाऊक होतं. तरी तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून म्हटलं, "प्रयत्न करते, सर." त्यांनी त्याचा अर्थ "येते" असा घेतला. फलकावर माझं नाव लिहिलं गेलं. २५ तारखेला मी जमत नसल्याचं कळवलं, तेव्हा दुसरं कोणी मोकळं उरलं नव्हतं. तीनशे मुलं सभागृहात बसली आणि ऐनवेळी त्यांच्याच एका शिक्षकांना तयारीशिवाय उभं राहावं लागलं. चूक माझी होती. त्या सरांनी पुन्हा कधी फोन केला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. आयोजकाला आपल्या नकाराने फारसा त्रास होत नाही, उशिरा कळलेल्या नकाराने होतो. म्हणून निमंत्रण आलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावं. पहिल्या दोन वाक्यांतच "येऊ शकणार नाही" हे शब्द यावेत. कारण एका वाक्यात पुरे. कारणांची यादी दिली की समोरचा प्रत्येक कारणावर तोडगा सुचवू लागतो, "मग अकराऐवजी दोनला या," आणि आपण पुन्हा "बघते"वर येतो.

पुढची पायरी पर्यायी वक्ता सुचवण्याची. इथे बरेच जण घाई करतात. "अमक्या बाईंना विचारा, त्या येतील," असं म्हणून नंबर पाठवून मोकळे होतात. त्या बाईंना पत्ताच नसतो! आता नाही म्हणायची अडचण त्यांच्या गळ्यात पडते. आधी आपण त्यांना फोन करावा. तारीख, वेळ, श्रोते कोण, विषय काय, जाण्या-येण्याची सोय काय, हे सांगावं आणि "तुमचं नाव नि नंबर देऊ का?" असं विचारावं. हो आलं तरच नाव द्यावं. ते नाव का सुचवतोय हेही लिहावं, म्हणजे त्या व्यक्तीला उरलेली जागा भरायला बोलावल्यासारखं वाटत नाही. परिसंवाद असेल तर आपल्याला कोणती बाजू मांडायला बोलावलं होतं ते पाहावं. पालकाची बाजू मांडायची असेल तर आणखी एक शिक्षक सुचवून उपयोग नाही.

मग शेवट. "पुढच्या वेळी नक्की" हे वाक्य आपण सवयीने लिहितो, पण त्यावरून आयोजकाला काहीच ठरवता येत नाही. कधी जमेल, कशावर बोलता येईल आणि किती दिवस आधी कळवावं, हे लिहिलं तरच दार खरंच उघडं राहतं. १४ ते २८ जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तेव्हा बोर्डाची गर्दी नसते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. आणि त्या ठिकाणी जायचंच नसेल, तर हा परिच्छेद गाळावा. खोटी आशा लावू नये.

हल्ली मी असं लिहिते:

"मा. मुख्याध्यापक सर, सप्रेम नमस्कार. २७ तारखेच्या कार्यक्रमासाठी आठवण ठेवलीत, आभारी आहे. त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी असल्याने मी येऊ शकणार नाही. आमच्या शाळेतल्या एक सहकारी बाई पाचवी ते सातवीच्या मुलांना बोलीभाषेतल्या गोष्टी फार छान सांगतात. मी त्यांच्याशी बोलले आहे, त्या दिवशी अकरा वाजता त्यांना जमेल. त्यांच्या परवानगीने नंबर सोबत देत आहे. निर्णय अर्थातच आपला. पुढच्या जानेवारीतल्या पंधरवड्यात कोणत्याही शनिवारी मला येता येईल. तीन आठवडे आधी कळवावं, ही विनंती."

एवढंच. आपण मुलांकडून मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र लिहून घेतो. नकाराचं पत्र मात्र सहसा लिहून घेत नाही. येत्या आठवड्यात नववीच्या वर्गात एक तास त्यालाही द्या. पालकांनो, वाढदिवसाचं आमंत्रण टाळताना मुलाला "बघू" म्हणायला शिकवू नका. ताट वाढायचं की नाही, हे यजमानाला वेळेत कळायला हवं.