नऊ तास की सव्वा तास?

आई-बाबा हैदराबादहून डॅलसला यायचे होते. स्वस्त तिकिटात दोहाला नऊ तास थांबणं होतं. अकरा हजारांनी महाग तिकिटात दिल्लीमार्गे शिकागो आणि तिथे फक्त सव्वा तास. मी महागडंच घेणार होतो!

मग लक्षात आलं, अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन होतं. बॅगा पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यायच्या, टर्मिनल बदलायचं, पुन्हा सिक्युरिटी. सव्वा तासात हे अशक्यच. दोहात मात्र बॅगा थेट पुढे जातात आणि इमिग्रेशन शेवटी, डॅलसला होतं.

म्हणून दोहा घेतलं, पण संपूर्ण प्रवास एकाच PNR वर. पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय कंपनीच करते. वेगवेगळ्या तिकिटांवर ती जबाबदारी आपलीच.