गट नंबर शोधत फिरणारा फिटर

या आठवड्यात एका ईमेलने माझं डोकं फिरवलं. शेजारच्या वहिनींचा भाचा सासवडचा, फिटर ट्रेडमधून आयटीआय झालेला. उरवड्याच्या एका कारखान्याने त्याला मुलाखतीला बोलावलं. मेलमध्ये तारीख, ‘सकाळी १० वाजता’ आणि ‘सर्व कागदपत्रे आणावीत’ एवढंच होतं. खाली कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसचा पत्ता. पोरगा वेळेवर तिथेच पोचला, आणि मुलाखत प्लांटवर आहे हे त्याला वॉचमनने सांगितलं.

चूक कुठे झाली ते उघड आहे. जुन्या मेलमध्ये फक्त तारीख बदलायची, तळाचा ऑफिसचा पत्ता आपोआप तसाच राहतो. आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर उत्तर जात नाही, म्हणजे विचारायचीही सोय नाही.

प्लांटचा पत्ता असता तरी तो बहुधा ‘गट नंबर अमुक, उरवडे, ता. मुळशी’ असाच असता. गट नंबर ही सातबाऱ्यावरची जमिनीची ओळख, तलाठ्याला पाठ असते. रस्त्यावर तिची पाटी नसते. एकाच गटात दोन-तीन शेड, दोन-तीन मालक असू शकतात. नवख्या माणसाला खरा पत्ता असा सांगावा लागतो: चांदणी चौकातून भूगाव, भुकूम करत पिरंगुट, तिथे उतरून उरवडे रस्ता, मग अमुक कारखान्यानंतरचं निळं गेट. पिरंगुटनंतर काय मिळेल, रिक्षा की कंपनीची गाडी, हेही. सोबत नकाशाची लिंक. सासवडहून येणाऱ्याला स्वारगेटला गाडी बदलावी लागते. घरून किती वाजता निघायचं हे यावरच ठरतं.

वेळही एकच देऊन भागत नाही. गेटवर नोंद, पास, मोबाइल जमा करणं यात वेळ जातो. म्हणून ‘साडेनऊला गेटवर, दहाला लेखी, अकराला ट्रेड टेस्ट, दोनपर्यंत मोकळे’ असं लिहावं. ट्रेड टेस्ट आहे हे तर आधीच कळायला हवं. लोखंडी तुकडा घासून काटकोनात आणायचा आणि व्हर्नियरने मोजायचा, तर पोरगा चपला घालून आला की शॉपमध्ये पाऊल टाकता येत नाही.

‘सर्व कागदपत्रे’ म्हणजे कोणती? आयटीआयचं एनटीसी वेगळं, अॅप्रेंटिसशिपनंतरचं एनएसी वेगळं. अॅप्रेंटिसशिप न केलेल्याकडे दुसरं नसतंच. ते नसेल तर यायचं की नाही, हे एका वाक्यात सांगावं. गुणपत्रिका, आधार आणि फोटो किती, तेही. मूळ प्रती पाहून लगेच परत मिळतील, झेरॉक्स ठेवून घेऊ, असंही लिहावं.

भाच्याला मी सांगितलं, पुढच्या वेळी असा मेल आला तर कंपनीच्या वेबसाइटवरचा फोन नंबर शोध, मेलमधला नको. फोनवर तीन गोष्टी विचार: गेट कुठलं, ट्रेड टेस्ट आहे का, गेटवर नाव कुणाचं सांगायचं. कुणी नोंदणीचे पैसे मागितले, तर फोन ठेवून दे.