कळ थांबली, खडा कुठे आहे?

पहाटे ३ वाजता आलेला तो ट्रकचालक खाटेवर टेकेनाच. बसायचा, उठायचा, भिंतीला धरून वाकायचा. वय ३४. डाव्या कुशीत मागून उठलेली कळ जांघेत उतरत होती, मध्येच ओसरायची आणि पुन्हा चढायची. लघवी कोकम सरबताच्या रंगाची. आतडं फुटलेला रुग्ण हलायला घाबरतो; मुतखड्याच्या रुग्णाला मात्र एका जागी पडवतच नाही. त्या तळमळीवरूनच निम्मं निदान होतं.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी नळी आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. तिच्यात खडा अडकला की मागे लघवी तुंबते आणि मूत्रपिंड ताणलं जातं. कळ येते ती मुख्यतः या ताणाची. खडा जसजसा खाली सरकतो तसतशी ती जांघेकडे जाते, आणि नळीचं अस्तर खरचटून लघवीत रक्त येतं. काहींच्या लघवीत रक्त सापडतच नाही, तेवढ्यावरून खडा नाही असं म्हणता येत नाही.

डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने तो तासाभरात शांत झाला. सीटी स्कॅनमध्ये मूत्राशयाच्या तोंडाशी ६ मिलिमीटरचा खडा दिसला. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपणहून पडतात. त्याहून मोठ्याची खात्री नसते. त्याला सांगितलं, लघवी गाळणीतून कर, खडा सापडला तर डबीत घालून आण, आणि नाही सापडला तरी ४ आठवड्यांनी सोनोग्राफीला ये.

कळ परत उठली नाही, म्हणून तोही आला नाही. आला तो ५ महिन्यांनी, दुसऱ्याच तक्रारीसाठी. खडा तिथेच होता. मूत्रपिंड फुगलेलं, त्याचं काम बरंच मंदावलेलं. तुंबलेलं मूत्रपिंड हळूहळू लघवीच कमी बनवतं, ताण उतरतो आणि दुखणं थांबतं. उजवं मूत्रपिंड धडधाकट असल्याने रक्तातलं क्रिएटिनिनही फारसं वाढलं नव्हतं. दुर्बिणीने खडा काढला, पण गेलेली ताकद पूर्ण परतली नाही.

हा दोष एकट्या रुग्णाचा नाही. आपण डॉक्टर गोळ्या ठळक अक्षरांत लिहितो आणि सोनोग्राफीची तारीख तोंडी सांगतो. ती तारीख चिठ्ठीवर सगळ्यात वर हवी. कुळथाचं कढण घ्यायला माझी हरकत नाही. पण कळ थांबली म्हणून त्याने खडा विरघळला असं धरून तपासणी टाळू नका.

दोन गोष्टींत मात्र तारखेची वाट पाहायची नाही. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या लघवीत पू होत असतो; त्याच दिवशी नळीत स्टेंट घालून ती मोकळी करावी लागते, खडा नंतर काढता येतो. आणि चाळिशीनंतर लघवीत डोळ्यांना दिसेल असं रक्त आलं आणि दुखत मात्र काहीच नसेल, तर खडा समजून थांबू नका. एकदाच दिसलं असलं तरी मूत्राशय दुर्बिणीने तपासून घ्या. तिथला कर्करोग बहुधा असाच पहिल्यांदा दिसतो.