डॉलर कमावले, पण बँकेत येईनात : नावातल्या फरकामुळे फ्रीलान्सरचे पैसे नेमके कुठे अडकतात?

पुण्यात घरी बसून परदेशातल्या क्लायंटचं काम करणाऱ्यांची आता कमी नाही. कुणी कोथरूडमधून लोगो डिझाइन करतं, कुणी हडपसरमधून वेबसाइट बनवून देतं. काम अपवर्क किंवा फायवरसारख्या प्लॅटफॉर्मवर मिळतं, पैसे डॉलरमध्ये जमा होतात. ते आपल्या बँकेत घ्यायला बटण दाबलं की कधीकधी उत्तर येतं, बँक खात्यावरचं नाव तुमच्या प्रोफाइलशी जुळत नाही, म्हणून विनंती नाकारली.

खाते क्रमांक बरोबर, आयएफएससी कोड बरोबर, खातंही आपलंच. मग अडलं कुठे?

आपल्याला धक्का बसतो, कारण देशातल्या देशात पैसे पाठवताना असा अनुभव येत नाही. तुम्ही एनईएफटी करताना समोरच्याचं नाव थोडं चुकवलंत तरी पैसे पोचतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2010 मध्येच बँकांना सांगितलं होतं की, अशा व्यवहारात फक्त खाते क्रमांक पाहून पैसे जमा करता येतील, खाते क्रमांक बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. पैसे चुकीच्या खात्यात जाण्याचे प्रकार थांबावेत म्हणून डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने नवी सूचना काढली. त्यानुसार 1 एप्रिल 2025 पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीसाठीही पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय बँकांना द्यायची होती. म्हणजे इतकी वर्षं आपल्या सवयीत नंबर मोठा आणि नाव छोटं होतं.

परदेशातून येणाऱ्या पैशात मात्र गणित उलटं आहे. तिथे पैसे कुणाकडून कुणाकडे गेले याची नावासकट नोंद ठेवणं मनी लाँडरिंग रोखण्याच्या नियमांमुळे आवश्यक असतं. त्यात फ्रीलान्सिंगमध्ये एकाचं अकाउंट दुसऱ्याने भाड्याने वापरण्याचे प्रकार होतात. म्हणून ज्याची ओळख तपासली, त्याच्याच खात्यात पैसे, हा सरळ नियम.

आता पैशाचा प्रवास बघू. प्लॅटफॉर्म थेट तुमच्या बँकेत पैसे टाकतो असं सहसा होत नाही. मध्ये एक पेमेंट कंपनी असते, तिची भारतात एखादी भागीदार बँक असते आणि ती रुपये करून तुमच्या खात्यात पाठवते. म्हणजे नाव किमान तीन ठिकाणी अडू शकतं.

पहिली जागा म्हणजे खुद्द प्लॅटफॉर्म. खातं जोडतानाच किंवा बटण दाबल्यावर लगेच नकार आला, तर समजा की इथेच अडलंय. दुसरी जागा मधली कंपनी आणि तिची भारतातली बँक. इथे पॅनवरचं नाव मागतात आणि अनेकदा खात्यात एक रुपया टाकून बँकेकडून खातेदाराचं नाव मागवलं जातं. अशा वेळी खातं बराच काळ 'तपासणी सुरू' असं दाखवतं आणि मग नकार येतो. तिसरी जागा तुमची बँक. पैसे 'पाठवले' असं दिसलं आणि काही दिवसांनी ते पुन्हा प्लॅटफॉर्मवर जमा झाले, तर ते बँकेकडून परत आले आहेत. पैसे बुडत नाहीत, पण जाण्यायेण्याचं शुल्क कापलं जाऊ शकतं.

एक रुपया टाकून जे नाव येतं ते बँकेच्या मुख्य संगणकातलं असतं. तिथे खातं उघडताना कुणी काय टाइप केलं त्यावर सगळं अवलंबून. आणि आपली मराठी नावं इथेच घोटाळा करतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पॅनवर नाव आधी. मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. बाहेर आपण दोनच शब्द लिहितो.

उदाहरणासाठी एक काल्पनिक नाव घेऊ. कोथरूडच्या स्नेहलला 640 डॉलर काढायचे आहेत. तिची नावं अशी आहेत :

```
प्लॅटफॉर्म : Snehal Joshi
पॅन        : SNEHAL PRAKASH KULKARNI
बँक        : KULKARNI SNEHAL PRAKASH
```

पॅन आणि बँक यांच्यात फक्त शब्दांचा क्रम वेगळा आहे. असा फरक, किंवा मधल्या नावाऐवजी फक्त अद्याक्षर असणं, बऱ्याच ठिकाणी चालून जातं. खरी अडचण प्लॅटफॉर्मवरच्या Joshi ची आहे. लग्नानंतर तिने आधारवर नाव बदललं आणि तेच ओळखपत्र प्लॅटफॉर्मला दिलं. पॅन आणि बँक मात्र माहेरच्या नावावर राहिले. आडनावच वेगळं असेल तर मशीनला ती दोन माणसं वाटतात.

अशा वेळी अनेकजण आधी बँकेत धावतात. पण पॅन Kulkarni नावावर असताना बँकेने Joshi केलं, तर गाठ फक्त एक पायरी पुढे सरकते. म्हणून आधी ठरवायचं की पॅनवरचं नाव ठेवायचं की बदलायचं. बँक खातं, इन्कम टॅक्स आणि मधली पेमेंट कंपनी, तिघंही पॅनला बांधलेले आहेत.

नाव ठेवायचं असेल तर मार्ग छोटा आहे. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्ट किंवा लायसन्स अजून Kulkarni नावाचं असेल, तर ते देऊन प्लॅटफॉर्मवरचं नाव बदलून मागायचं. फक्त आधारवरचं Joshi पुढे केवायसीत आडवं येऊ शकतं हे लक्षात ठेवायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे तिथली दुरुस्ती विचार करूनच.

नाव बदलायचं असेल तर क्रम पाळायचा. आधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पुण्यात ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून मिळतं. मग आधार, त्यानंतर पॅन दुरुस्तीचा अर्ज, मग बँकेच्या शाखेत नवं पॅन आणि प्रमाणपत्र देऊन नावबदल, आणि शेवटी प्लॅटफॉर्म. लग्नाशिवाय दुसऱ्या कारणाने नाव बदललं असेल, तर प्रमाणपत्राच्या जागी राजपत्रातली प्रसिद्धी लागते. हे सगळं पूर्ण होईपर्यंत पैसे प्लॅटफॉर्मवरच राहू द्यायचे. अर्ध्या वाटेत पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तर नकार वाढत जातात आणि खात्याची जादा तपासणी लागू शकते.

काहींनी फर्मच्या नावाने करंट खातं उघडलेलं असतं. तिथे व्यक्तीचं प्रोफाइल आणि फर्मचं खातं जुळत नाही, मालक एकच असला तरी. त्यावर सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या नावाचं खातं जोडणं.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे 'नवऱ्याचं खातं देऊन टाक' हा सल्ला. प्लॅटफॉर्म ते नाकारतोच. आणि चुकून पैसे आलेच, तर कमाई एकीची, जमा दुसऱ्याच्या पॅनवर, हे इन्कम टॅक्सला समजावत बसावं लागतं.

म्हणून पहिलं काम मिळायच्या आधीच बँकेत जाऊन विचारा, सिस्टीममध्ये माझं नाव नेमकं कसं आहे? पासबुकवर छापलेलं नव्हे, संगणकात असलेलं. ते पॅनशेजारी ठेवून बघा आणि मगच प्लॅटफॉर्मवर नाव टाइप करा.