शाळेच्या फाटकावरचा सलाम आणि त्यापुढचा प्रश्न

दाभोसा हे नाव बाहेरच्यांना धबधब्यामुळे माहीत असते. पण जव्हार-मोखाड्याची खरी ओळख दिवाळीनंतर पटते, जेव्हा पाडेच्या पाडे रिकामे होतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबे निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून शाळा सुटताना फाटकापाशी उभ्या असलेल्या पालकांच्या गप्पांना इथे वेगळे मोल आहे, असे मला वाटते.

पाड्यावरची मुले घोळक्याने चालत घरी जातात. पालक थांबतात ते जरा मोठ्या गावातल्या शाळांपुढे. तिथे आपण सलाम करतो तो ओळखीच्यांना, आपल्यातल्यांना. भिंतीच्या कडेला उभी असलेली वारली किंवा कातकरी आई आपणहून बोलायला येत नाही. कुणी अभिवादन केले तर त्याहून चांगल्या शब्दांत, निदान तेवढेच परत करा, असे सूरह निसाच्या 86व्या आयतीत सांगितले आहे. पण ती गप्प असेल, तर सुरुवात आपणच करायला हवी. सलाम म्हणा, राम राम म्हणा, जोहार म्हणा. पुढे बोलणे झाले म्हणजे झाले.

आणि ऑक्टोबरात एक प्रश्न जरूर विचारावा: "ताई, यंदा कामाला कधी निघणार? पोरगी कुठे राहणार?"

समजा, मुलगी तिसरीत आहे. बापाने भट्टीवाल्याकडून बयाणा उचलला आहे, म्हणजे जाणे ठरलेलेच. घरी आजी असेल, तर मुलीला मागे ठेवता येते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण मागे राहणाऱ्या मुलांची नावे गुरुजींना आधी कळावी लागतात. आजी नसेल आणि मुलगी सोबत जाणार असेल, तर भट्टीजवळच्या सरकारी शाळेत तिला बसवता येते. "दाखला आणा, मग बघू" हे उत्तर तिथे चालत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ही एवढी गोष्ट त्या आईला निघण्याआधी माहीत असली, तर बरेच वर्ष वाचते.

बोलणे झाले नाही, तर मुलीचे नाव हजेरीपटावर राहते आणि ती भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळत बसते. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो.

फाटकावरच्या गप्पांनी स्थलांतर थांबणार नाही. ते कामाच्या आणि मजुरीच्या प्रश्नाशी बांधलेले आहे. शिवाय बयाण्याचा आकडा, घरातले कर्ज असले प्रश्न मुलांदेखत विचारू नयेत. तो चोंबडेपणा ठरतो आणि ती आई दुसऱ्या दिवशी लांब उभी राहते. निघायची तारीख आणि मुलांची सोय, एवढेच विचारावे आणि तिला चालणार असेल तर तिच्यासोबत गुरुजींपर्यंत जावे. त्याला पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ तर आपण रोजच फाटकापाशी उभे असतो.